घरात आठ माणसं, कमावणारा मी एकटा. चाकणला जाऊ का?

सेटर_वाळूज | ९ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३२. आयटीआय मशिनिस्ट. वाळूजला एका वेंडर कंपनीत व्हीएमसी सेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर टूल लावून जॉब सेट करून देतो. आधी तीन वर्षं ठेकेदाराकडे काढली, १ सप्टेंबर २०२० पासून कंपनीच्या रोलवर. गाव अंबड तालुक्यात, अडीच एकर कोरडवाहू. यंदा कापूस वेचणीच्या मजुरीतच गेला, म्हणून शेतीचं उत्पन्न शून्य धरा.

घरात आजी (गावाकडं), आई, वडील, मी, बायको, दोन लेकरं (एक सहा वर्षांचं, एक दोन) आणि धाकटा भाऊ. भाऊ बीए झालाय, पोलीस भरतीची तयारी करतो. वडिलांची किडनी गेली, चौदा महिन्यांपासून मंगळवार-शुक्रवार डायलिसिस. ते ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कार्डावर टाय-अप हॉस्पिटलात होतं, इंजेक्शनं-गोळ्याही तिकडूनच. म्हणून आई-वडील इथं वाळूजजवळच्या रांजणगावात माझ्याजवळच राहतात, दोन खोल्यांत.

पगार ग्रॉस २०,४००. कापून हातात साडेअठरा. ओव्हरटाइम धरून महिन्याला सरासरी साडेबावीस हजार पडतात. खर्च २१,२०० च्या आसपास. म्हणजे हजार-बाराशे उरतात, तेही पाव्हणे आले नाहीत तर. बँकेत ३८ हजार, पीएफ एक लाख नव्वद.

आता चाकणच्या एका कंपनीत ओळखीतून २९,५०० ग्रॉसचं जमतंय. ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांचं लेटर, पुढे रिन्यू करतो म्हणतात. ओव्हरटाइम नाही. पंधरा दिवसांत हो-नाही सांगायचंय.

दुसरीकडे एक मित्र म्हणतो सेकंडहँड व्हीएमसी घेऊ, बारा लाखांची, जॉबवर्क करू, निम्मी भागीदारी.

बायको म्हणते पगार वाढतोय तर जा. आई काहीच बोलत नाही, तेच जास्त टोचतंय. काय करावं?

---

भरतीवीर_बीड | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. खासगीत आयुष्य नाही. एक वर्ष राजीनामा देऊन पूर्णवेळ अभ्यास करा. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर रूम मिळते, अभ्यासिका लावा. वय ३२ म्हणजे अजून वेळ आहे. सरकारी लागलात की मेडिकलचं टेन्शनच नाही. मी स्वतः तिसरा अटेम्प्ट देतोय.

---

गोदाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३२

अरे बाबा, त्यांनी नोकरी बदलू का विचारलंय, सोडू का नाही. आठ जणांचं घर आणि आठवड्याला दोन डायलिसिस असलेल्या माणसाला तू सदाशिव पेठेत कॉटवर झोपवतोस? २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांवर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. तुला शुभेच्छा, पण हे गणित त्यांच्या घराला लावू नको.

---

राजेश_लातूर | १० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

मी कंपनीत सुपरवायझर आहे, थोडं माहितीये म्हणून सांगतो. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआयसी त्याच दिवशी बंद. २९,५०० वर तुमचं कार्ड गेलंच समजा. आणि तुमचा ओव्हरटाइम धरला तर तुम्ही आत्ताच २४ हजारांच्या वर आहात, तेव्हा आत्ता कार्ड कसं चालू आहे हेच मला कळेना. कुणी तक्रार केली तर अडचणीत याल.

दुसरं, ग्रॅच्युइटी. पाच वर्षं भरल्याशिवाय एक रुपया नाही. तुमची साडेचार होत आलीत.

---

मीनल_पेरोल | १० फेब्रुवारी, दुपारी १:४८

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. शेंद्र्याच्या एका कंपनीत बारा वर्षं पगारपत्रकंच करतेय, म्हणून राहवलं नाही.

राजेशदादा, निम्मं बरोबर आहे. मर्यादा २१ हजारांचीच, पण ती बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. वर्गणी मात्र ओव्हरटाइमवरही कापतात. त्यामुळे सेटरभाऊंचं कार्ड एकदम कायदेशीर आहे, घाबरवू नका त्यांना.

आणि "त्याच दिवशी बंद" असंही नाही. ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुकड्याच्या पहिल्या दिवशी तुमचा पगार मर्यादेत असेल आणि मधेच वाढला, तर तो तुकडा संपेपर्यंत कार्ड चालू राहतं. वर्गणी वाढलेल्या पगारावर कापायची, बस. पण हे आहे त्या कंपनीत राहिलात तर. नव्या कंपनीत पहिल्याच दिवशी २९,५०० वर लागलात, तर तिथे तुमची नोंदच होणार नाही.

आता सेटरभाऊ, तुम्हाला एक विचारते. एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट किती मिळतं?

---

सेटर_वाळूज | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

ताई, गेल्या वर्षी ७५० मिळालं होतं. यंदा आठशे धरा.

लिहिता लिहिताच लक्षात आलं. २०,४०० आणि ८०० म्हणजे २१,२०० होतात. म्हणजे मी कुठंच गेलो नाही तरी...?

---

मीनल_पेरोल | १० फेब्रुवारी, रात्री ९:४१

हो. म्हणूनच विचारलं. १ एप्रिलला पगार २१,२०० झाला तर त्या दिवसापासून तुम्ही बाहेर. आधी भरलेल्या वर्गणीवर उपचार काही महिने चालतात, पण तो काळ संपला की आठशे रुपयांच्या वाढीपायी वडिलांचं कार्ड जातं. दरवर्षी आमच्याकडे दोन-तीन जण असे अडकतात, आणि त्यांना ते कळतं थेट डिस्पेन्सरीत, रेफर लेटर घ्यायला गेल्यावर. तेव्हा चाकणच्या आधी हे बघा. उद्याच एचआरला विचारा की वाढ कोणत्या तारखेपासून लागू होणार. १ मे पासून असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत निवांत.

अजून एक रस्ता असतो. दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतराने मिळणारे पैसे ईएसआयसीच्या पगारात धरत नाहीत. म्हणून काही कंपन्या वाढीचा काही भाग तीन महिन्यांतून एकदा हजेरी बक्षीस म्हणून देतात. ते मागता येतं. देतील की नाही, ते कंपनीवर. आणि तेवढी रक्कम बेसिकला लागत नाही, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी त्यावर वाढत नाही, हेही लक्षात ठेवा.

---

गोदाकाठ | १० फेब्रुवारी, रात्री १०:०३

हे भारीच. आठशेची बढती नको म्हणून अर्ज करायचा. आपल्याकडंच होऊ शकतं हे.

---

माजलगावची_लेक | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

माझ्या सासूबाईंचं डायलिसिस महात्मा फुले योजनेतून चालू आहे. पावणेदोन वर्षं झाली. आता ती योजना सगळ्यांनाच आहे, रेशनकार्ड कुठलंही असो, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. तेव्हा कार्ड गेलं म्हणजे डायलिसिस थांबलं, असं नाही. दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथे आधार आणि रेशनकार्ड दाखवायचं.

पण खरं सांगते. मशीनवर बसवण्याचे पैसे लागत नाहीत, बाकीचे लागतात. रक्त वाढायचं इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, महिन्याच्या तपासण्या आणि येण्या-जाण्याचा ऑटो धरून आम्हाला महिन्याला चार-साडेचार हजार जातात. प्रत्येकाचं वेगळं असेल. आणि योजनेतल्या दवाखान्यात स्लॉट मिळायला आम्ही दीड महिना थांबलो, तोपर्यंत पैसे देऊन केलं. चाकणला घर हलवणार असाल तर तिकडचा स्लॉट आधी हातात घ्या, मग टेम्पो बोलवा.

---

सेटर_वाळूज | ११ फेब्रुवारी, रात्री ८:५५

आज मंगळवार, वडिलांना घेऊन आत्ता आलो. ताई, तुमची माहिती लई कामाची. आम्हाला आजवर इंजेक्शनाचा एक रुपया लागला नाही, त्यामुळे ते महाग असतं हेच माहीत नव्हतं.

चाकणच्या ठेकेदाराला फोन केला. म्हणाला मेडिक्लेम आहे. विचारलं आई-वडील त्यात आहेत का, तर म्हणाला फक्त एम्प्लॉयी. बायको-पोरंबी नाहीत.

---

मीनल_पेरोल | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१२

बरं झालं विचारलंत. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील असते, तर जुना आजारही बहुतेक पहिल्या दिवसापासून धरला असता, मग माझं उत्तर वेगळं आलं असतं. तुम्ही स्वतः बाजारातून पॉलिसी घ्यायला गेलात तर डायलिसिस चालू असलेल्या माणसाला कोणी देत नाही. बायको-लेकरांसाठी मिळेल.

आता चाकणचा हिशेब मांडू. कागदावर करा, माझ्या तोंडी आकड्यांवर जाऊ नका.

२९,५०० मधून पीएफ १,८०० (पंधरा हजारांच्या मर्यादेवर कापतात असं धरून) आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २७,५००. आजच्या साडेबावीसपेक्षा पाच हजार जास्त. हा तुमच्या घरातल्या बोलण्यातला आकडा.

पण वडिलांमुळे घर वाळूजलाच राहणार. मग तुम्ही तिकडे चौघांत खोली केली तर तीन हजार, मेस साधारण ३,२००, महिन्यातून दोनदा यायचं-जायचं धरून अठराशे. आठ हजार झाले. इकडे तुमचं जेवण आणि पेट्रोल मिळून अडीच हजार वाचतील. पाच अधिक अडीच, वजा आठ. म्हणजे पाचशे रुपये तोट्यात. त्यात इंजेक्शन-गोळ्यांचे चार हजार अजून धरलेच नाहीत. आणि मंगळवार-शुक्रवार वडिलांना कोण नेणार?

---

राजेश_लातूर | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३०

हिशेब पटला. पण ताई, एक गोष्ट राहतेय. चाकणला दोन वर्षांनी ३५-४० वर जाईल माणूस. वाळूजला दरवर्षी ७५० नं कधी जाणार? आजचं नुकसान सोसल्याशिवाय पुढं सरकत नाही कुणी. मी लातूर सोडलं नसतं तर अजून तिथंच सायकलवर असतो.

---

मीनल_पेरोल | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५१

सोसायला मागे काहीतरी लागतं, दादा. त्यांच्याकडे ३८ हजार आहेत, म्हणजे दोन महिन्यांचा खर्चही नाही. ठेकेदाराने अकरा महिन्यांनी महिनाभर घरी बसवलं तर? तुम्ही गेलात तेव्हा घरी किती जण होते?

---

राजेश_लातूर | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५८

मी आणि आई. वडील नोकरीत होते तेव्हा. बरं, समजलं.

---

वर्कशॉपवाले_काका | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

व्हीएमसीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी १९९८ पासून वाळूजला जॉबवर्क करतो. आज चार मशिनी आहेत, मधे एकदा दोन विकल्याही होत्या.

सेटरचा पहिला गैरसमज हा, की मशीन मला चालवता येतं म्हणजे धंदा चालवता येईल. तुझं सेटिंग चांगलं असेल, मला शंका नाही. पण मशीन कधी उभं राहिल्याने बुडत नाही, चालू असताना बुडतं. कसं ते सांगतो.

बारा लाखांचं मशीन. बँक ऐंशी टक्के देईल, म्हणजे ९ लाख ६० हजार. पाच वर्षं, बारा टक्के धर. हप्ता २१ हजार ३०० च्या वर. शेडचं भाडं आठ, लाइट सहा, इन्सर्ट-कटर आठ. म्हणजे तू स्वतः मशीनवर उभा राहिलास, पगार घेतला नाहीस, तरी महिन्याला ४३ हजार.

तासाला तीनशेचा रेट मिळाला आणि दिवसाला आठ तास भरले तर पंचवीस दिवसांचे साठ हजार. कागदावर सतरा उरतात, त्यात दोघं भागीदार. आता खरी गोष्ट. माल आज दिलास तर बिल महिनाअखेरीला लागतं आणि पैसे नव्वद दिवसांनी येतात. कायदा ४५ दिवसांचा आहे, मान्य. नव्या वेंडरने कायदा दाखवला की पुढची ऑर्डर येत नाही. तर पहिला रुपया येईपर्यंत तीन महिन्यांचे एक लाख तीस हजार तुझ्या खिशातून, आणि त्या तीन महिन्यांत घरखर्चाचे ६३ हजार वेगळे. त्यात एखादा लॉट रिजेक्ट झाला तर मटेरियलही तुझ्या माथी.

अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे असं मित्र सांगेल. आहे, चांगली योजना आहे, माझ्या पुतण्याने घेतलीय. पण आधी हप्ता आपण भरायचा, मग व्याज परत येतं. हप्ता भरायच्या दिवशी ते पैसे हातात नसतात.

आणि मित्राला एकच विचार. बँक तारण मागेल तेव्हा बोजा कुणाच्या सातबारावर चढणार?

---

सेटर_वाळूज | १२ फेब्रुवारी, रात्री ९:०८

काका, विचारलं. त्याची जमीन भावांत सामाईक आहे म्हणे. म्हणजे आमची.

व्हीएमसी सोडली.

---

वर्कशॉपवाले_काका | १२ फेब्रुवारी, रात्री ९:२५

कायमची नको सोडू. मशीन न घेताही या धंद्यात पाय ठेवता येतो. तू नुसता सेटिंग करतोस की प्रोग्रामही लिहितोस?

---

सेटर_वाळूज | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

ऑफसेट घेणं, टूल लावणं, पहिला पीस पास करून देणं. प्रोग्राम वरून येतो. फॅनुकवर छोटी एडिटिंग करतो, फीड-स्पीड बदलणं वगैरे. सॉफ्टवेअरवरून टूलपाथ काढता येत नाही.

---

वर्कशॉपवाले_काका | १२ फेब्रुवारी, रात्री १०:०२

मग तुझी पुढची पायरी तिथंच आहे. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे कॅड-कॅमचे छोटे कोर्स असतात. फी आणि बॅचची वेळ जाऊन विचार, फोनवर नीट कळत नाही. शिफ्टमध्ये बसेल असा बघ. सेटर असून टूलपाथ काढणारा माणूस आम्हाला शोधून सापडत नाही. नुसती कोर्स केलेली पोरं येतात, कॉम्प्युटरवर देखणा प्रोग्राम काढतात आणि क्लॅम्पवर टूल आपटतात. तुला क्लॅम्प कुठं असतो ते माहीत आहे.

शिकलास की रविवारी माझ्याकडे ये. माझ्यासारखे लहान वर्कशॉपवाले पूर्ण पगारी प्रोग्रामर ठेवू शकत नाहीत, जॉबवर पैसे देतात. पण तुझ्या कंपनीची स्टँडिंग ऑर्डर वाच, बाहेर काम करायला बंदी असते बहुतेक ठिकाणी. लेखी परवानगी मिळाली तर ठीक, नाही तर नको. चोरून केलेल्या दोन हजारांसाठी परमनंट नोकरी घालवू नको.

---

अनामिका_परभणी | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:१७

मी इथे सहसा लिहीत नाही. माझे मिस्टर एका कारखान्यात फिटर होते. २०२१ मध्ये गेले. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती.

त्यांचा पीएफ होता, त्यावर विमाही असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीतल्या एका क्लार्कभाऊंनी सांगितलं. पण ऑनलाइन नॉमिनी भरलेलाच नव्हता, आणि जुन्या फॉर्मवर सासूबाईंचं नाव होतं, लग्नाआधीचं. नंतर कळलं की लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन चालतच नाही, नवीन भरावं लागतं. ते भरलं नव्हतं म्हणून वारसांचे कागद, शपथपत्रं, ऑफिसच्या चकरा, यात तेरा महिने गेले. सासूबाई माझ्या बाजूने होत्या म्हणून निभावलं. नसत्या तर काय झालं असतं, त्याचा विचारही करवत नाही.

दादा, नोकरी कुठलीही करा. आज रात्री पीएफच्या साइटवर जाऊन ई-नॉमिनेशनमध्ये वहिनींचं आणि लेकरांचं नाव आहे का बघा.

---

मीनल_पेरोल | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार.

सेटरभाऊ, तो विमा ईडीएलआय. तुमच्या पगारातून त्याचं काही कापत नाहीत, कंपनी भरते. तुमचा बेसिक-डीए किती?

---

सेटर_वाळूज | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

१३ हजार.

आणि नॉमिनी बघितला. कोराच होता. आधारला मोबाईल नंबर जुना होता म्हणून ओटीपी येईना, उद्या आधी तो बदलून घेतो.

---

मीनल_पेरोल | १३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मग साधारण असं. गेल्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराची पस्तीस पट, म्हणजे चार लाख पंचावन्न हजार. त्यावर पीएफमधल्या सरासरी शिलकीच्या निम्मे, ते झाले ९५ हजारांच्या आसपास. साडेपाच लाख. वरची मर्यादा सात लाख आहे. नोकरीत असतानाच मृत्यू आला तर हे मिळतं. वहिनींना आणि लेकरांना पेन्शन लागते, ती थोडी असते पण लागते. ठेकेदाराकडे मधे महिना-दोन महिने खंड पडला आणि नेमकं तेव्हाच काही झालं, तर घरचे भांडत बसतात. माझ्या डोळ्यासमोरची प्रकरणं आहेत.

पण साडेपाच लाख म्हणजे तुमच्या घराची दोन वर्षं. आठ माणसांचा एकच खांब असेल तर टर्म इन्शुरन्स घ्यावाच लागतो. पैसे परत मिळणारा नको, साधा. तोपर्यंत बँकेतून जीवनज्योती (वर्षाला ४३६, दोन लाख) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २०, अपघाती दोन लाख) तरी उद्या सुरू करा. खात्यात पैसे ठेवा, मे महिन्याच्या शेवटी आपोआप कापतात आणि शिल्लक नसली की पॉलिसी गुपचूप बंद पडते.

---

गोदाकाठ | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:४४

सातबारा कुणाच्या नावावर आहे? शेतकऱ्यांना गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत दोन लाख असतात, आणि त्यात खातेदाराबरोबर घरातला अजून एक जण धरतात. हप्ता नाही. आमच्या गावात सर्पदंशाच्या एका घराला मिळाले.

आता कडू बोलतो. तुमचा सगळ्यात मोठा धोका चाकण नाही, व्हीएमसी नाही. खांब एकच आहे, तो धोका. आणि दुसरा खांब घरात बसून १६०० मीटर पळतोय. भावाचं वय काय, कितवी भरती?

---

सेटर_वाळूज | १४ फेब्रुवारी, रात्री १०:२०

२४. दुसरी. गेल्या वेळी ग्राउंडला चांगले मार्क होते, लेखीला राहिला.

तसं नका म्हणू. तो घरचं बघतो. मी फर्स्ट शिफ्टला असलो की वडिलांना तोच नेतो.

---

गोदाकाठ | १४ फेब्रुवारी, रात्री १०:३३

मग शब्द मागे घेतो. पण पळणं सकाळी असतं, डायलिसिस आठवड्यात दोन दिवस. मधले चार दिवस? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला दहा हजार मिळतात, सहा महिने. सरकारी कार्यालयातही लागतात.

---

भरतीवीर_बीड | १४ फेब्रुवारी, रात्री १०:४५

सहा महिन्यांनी काय? माझ्या मित्राने ते केलं, मुदत संपल्यावर घरी. अभ्यासाची लय गेली ती गेलीच. दिवसा आठ तास ऑफिसात बसून लेखी निघत नाही. भावाला बळीचा बकरा करू नका.

---

माजलगावची_लेक | १४ फेब्रुवारी, रात्री ११:०२

इथे सगळे पुरुष भावाचं वेळापत्रक ठरवतायत. वहिनींना कुणी विचारलं का? त्या काय शिकल्यात?

---

सेटर_वाळूज | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

बारावी. शिवण येतं. धाकटं दोन वर्षांचं आहे आणि सासऱ्याचं पथ्य सांभाळायचं, पाणी मोजून द्यायचं, त्यातून तिला सवड नाही. तिचंच काम घरात सगळ्यात जास्त आहे, खरं तर.

---

सेटर_वाळूज | २३ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

रविवार आहे, सगळं लिहितो.

चाकणला ‘नाही’ म्हणून कळवलं. बायकोला कागदावर तो पाच-अडीच-आठचा हिशेब दाखवला. ती दहा मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, मग इतके दिवस नुसता पगाराचा आकडा का सांगत होता.

ई-नॉमिनेशन झालं. बँकेचे दोन्ही विमे चालू केले. टर्मचं कोटेशन मागवलंय. गुटखा खातो हे फॉर्मवर लिहावं लागतं, त्यानं हप्ता वाढतोय. न लिहिता घ्या असं एजंट म्हणाला. मी लिहिणार.

ग्रॅच्युइटीचं मीनलताईंनी वेगळं सांगितलं, ते इतरांसाठी लिहितो. १३ हजारांचे भागिले २६, गुणिले १५, गुणिले पाच वर्षं, म्हणजे ३७,५००. चार वर्षं २४० दिवसांवरही मिळते असे कोर्टाचे निकाल आहेत, पण कंपन्या सहज देत नाहीत. माझी पूर्ण पाच ३१ ऑगस्टला भरतात. तोवर हलायचं नाही, हे ठरलं.

टूल रूमला जाऊन आलो. माझ्या शिफ्टला बसेल अशी बॅच पुढच्या महिन्यात आहे. फी बचतीतूनच जाणार, म्हणून ३८ मधून किती काढायचे यावर घरात चर्चा चालू आहे. आईचं मत, पंचवीसच्या खाली जायचं नाही.

भावाचं ठरलं नाही. तो म्हणतो ही एक भरती होऊ द्या.

आणि इन्क्रिमेंटचं विचारलं. एचआर म्हणतो, लेटर मे महिन्यात निघेल, पण लागू १ एप्रिलपासून, एप्रिलचा फरक मेच्या पगारात. तीन महिन्यांनी बक्षीस देण्याचं विचारलं तर म्हणाला, एकासाठी वेगळं करता येणार नाही. ताई, आता यात काय होईल?

---

राजेश_लातूर | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

लागू एप्रिलपासून म्हणजे एप्रिललाच २१,२००. कार्ड गेलं.

---

मीनल_पेरोल | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२५

मला तसं वाटत नाही. १ एप्रिलला त्यांना प्रत्यक्ष देय पगार २०,४०० च होता, वाढीचा निर्णय मे मध्ये झाला. आमच्याकडे अशा केसमध्ये आम्ही सप्टेंबरपर्यंत चालू ठेवलंय. पण आमच्या लेटरचे शब्द वेगळे असतील. सेटरभाऊ, गेल्या वर्षीचं इन्क्रिमेंट लेटर असेल तर नाव आणि कंपनी झाकून फोटो टाका. आणि एचआरकडून एप्रिलचं चलन भरायच्या आधी, तोंडी नाही, मेलवर उत्तर घ्या.

---

सेटर_वाळूज | २३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

लेटर गावाकडच्या पेटीत आहे. शनिवारी आजीकडं जाणार आहे, तेव्हा टाकतो.